दर महिन्याला ७,५०० शिल्लक, तरी वर्षाअखेर २२,३०० ची तूट

नागपूरच्या मानेवाड्यात भाड्याने राहणारं चौघांचं कुटुंब घेऊ. तो हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरीला, ती घरीच शिकवण्या घेते, दोन मुलं शाळेत. हे कुटुंब नमुन्याचं आहे आणि आकडे हिशेब सोपा जावा म्हणून गोल केले आहेत, पण खर्चाची रचना नागपूरकरांच्या ओळखीची निघेल. त्यांच्या जानेवारी महिन्याचा तक्ता असा :

| ओळ | A | B (रुपये) |
|---|---|---|
| 2 | उत्पन्न | |
| 3 | पगार, हातात येणारा | ४२,५०० |
| 4 | शिकवण्या | ८,००० |
| 5 | एकूण उत्पन्न | ५०,५०० |
| 6 | ठराविक खर्च | |
| 7 | घरभाडं | १०,००० |
| 8 | शाळेची व्हॅन | २,४०० |
| 9 | दुचाकीचा हप्ता | २,९०० |
| 10 | मोबाइल, इंटरनेट | १,२०० |
| 11 | आरडी | ३,००० |
| 12 | गावी आईवडिलांना | ३,००० |
| 13 | एकूण ठराविक | २२,५०० |
| 14 | बदलता खर्च | |
| 15 | किराणा | ७,००० |
| 16 | भाजी, फळं | २,८०० |
| 17 | दूध | २,७०० |
| 18 | वीज | १,१०० |
| 19 | गॅस | ९०० |
| 20 | पेट्रोल | ३,००० |
| 21 | औषधपाणी | ८०० |
| 22 | इतर | २,२०० |
| 23 | एकूण बदलता | २०,५०० |
| 24 | शिल्लक | ७,५०० |

एकूण आणि शिल्लक काढणारी सूत्रं चारच आहेत :

```
B5    =SUM(B3:B4)
B13   =SUM(B7:B12)
B23   =SUM(B15:B22)
B24   =B5-B13-B23
```

पगाराच्या ओळीत हातात येणारी रक्कम लिहिली आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसाय कर आधीच कापून गेलेला असतो. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापला जातो. फेब्रुवारीचा पगार शंभर रुपयांनी कमी का आला, याचं कोडं दरवर्षी कोणाला तरी पडतं, त्याचं उत्तर हेच. पुढच्या हिशेबात हे शंभर रुपये मी सोडून दिले आहेत.

तक्त्यात चूक काढायला जागा नाही. बेरजा बरोबर आहेत, सूत्रं बरोबर आहेत. महिन्याला ७,५०० म्हणजे वर्षाला ९०,००० उरतात आणि आरडीत ३६,००० जमतात ते वेगळेच. या घराने वर्षाला सव्वा लाखाची बचत करायला हवी. प्रत्यक्षात मात्र जूनच्या अखेरीस हे घर उसनवारीवर आलेलं असतं आणि 'पैसे जातात कुठे' हा प्रश्न नवरा-बायको एकमेकांना विचारत असतात.

पैसे कुठे जात नाहीत. ते ज्या महिन्यांत खर्च होतात, ते महिने या तक्त्यात नाहीत.

## बारा महिन्यांत एकदाच येणारे

आधी धान्य. वर्षभराचा गहू उन्हाळ्याच्या तोंडाशी भरून ठेवण्याची रीत विदर्भात अजून बऱ्याच घरांत आहे. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, इतवारीत किंवा कळमन्याला एक फेरी होते आणि कोठी भरते. दोन क्विंटल गहू ३,५०० च्या भावाने धरला तर ७,००० रुपये, पंचवीस किलो तूरडाळ १४० रुपयांनी ३,५०० आणि तिखट-हळदीचे २,५००. एकूण १३,०००. किराण्याच्या ७,००० मध्ये गहू आणि तूरडाळ नाहीच. म्हणजे जानेवारीचा किराणा जो आटोपशीर दिसतो, तो गेल्या एप्रिलच्या कोठीवर उभा आहे.

मग कूलर. त्याचं गवत बदलायचं, पंप बसला असेल तर नवा टाकायचा, माळ्यावरून उतरवून खिडकीला लावायचा, असे १,८०० धरू. पण कूलरचा मोठा खर्च विजेच्या बिलातून येतो आणि तो थोडा समजून घेण्यासारखा आहे. २०० वॉटचे दोन कूलर रोज चौदा तास चालले तर दिवसाला ५.६ युनिट, महिन्याला १६८ युनिट होतात. जानेवारीत या घराचा वापर साधारण ११० युनिट आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो. पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि पुढे अजून वरचा दर. स्वस्त शंभर युनिटं पंखे-फ्रिज-दिव्यांनी आधीच संपवलेली असतात, त्यामुळे कूलरचं एकूण एक युनिट महागड्या टप्प्यात पडतं. आपल्या घराची बिलं एप्रिलला २,२००, मेला २,८०० आणि जूनला २,३०० धरू. जानेवारीच्या ११०० शी तुलना केली तर तीन महिन्यांत ४,००० जास्तीचे गेले.

वीज ठराविक खर्चात लिहायची की बदलत्या, यावर लोक उगाच वाद घालतात. नागपुरात ती नऊ महिने जवळजवळ ठराविक असते आणि तीन महिने दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. तिला कुठल्याही रकान्यात टाका, पण जानेवारीचा आकडा बारा महिन्यांना लावू नका.

त्यानंतर शाळा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या साधारण आठवडाभर उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. फी भरायला आठवडाभर जास्त मिळतो, यापलीकडे खिशाला त्याचा फायदा नाही. दोन्ही मुलांची मिळून फी ३६,०००, निम्मी जूनमध्ये, निम्मी नोव्हेंबरमध्ये. वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तरं, बूट यांचे जूनमध्ये ९,००० वेगळे. आणि व्हॅनवाला मे महिन्याचे पैसेही घेतो, ते आपल्या तक्त्यात धरलेलेच आहेत.

बाकीच्या रकमा भरभर सांगतो. मे महिन्यात लग्नांचे आहेर आणि गावाला जाणं-येणं ८,०००. ऑगस्टमध्ये दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३,५००. दिवाळी १५,०००. मार्चमध्ये विम्याचे हप्ते १४,०००.

सगळ्यांची बेरीज १,०४,३०० रुपये होते. जानेवारीच्या तक्त्यात यातला एक रुपयाही नाही.

उत्पन्नाच्या बाजूलाही असाच खड्डा आहे. परीक्षा संपल्या की शिकवण्या बंद होतात. एप्रिलमध्ये निम्मे पैसे येतात, मे आणि जूनमध्ये काहीच नाही. वर्षाला २०,००० ची घट. भरपाई म्हणून दिवाळीला कंपनीकडून १२,००० मिळतात. तक्त्यात शिकवण्यांचे ८,००० लिहिले आहेत, पण बारा महिन्यांवर पसरले तर ते ६,३३३ च आहेत.

## महिन्यांची साखळी

आता दुसरी शीट उघडायची. तिला 'वर्ष' नाव द्यायचं आणि एका महिन्याला एक ओळ द्यायची. B मध्ये नेहमीची शिल्लक, C मध्ये उत्पन्नातली वाढ किंवा घट, D मध्ये त्या महिन्याचा मोठा खर्च, E मध्ये महिन्याचा निकाल आणि F मध्ये मागून चालत आलेली रक्कम.

```
E2    =B2+C2-D2
F2    =E2
F3    =F2+E3
D14   =SUM(D2:D13)
F15   =MIN(F2:F13)
```

E2 आणि F3 खाली मार्चपर्यंत ओढायचे. सगळी गंमत F च्या रकान्यात आहे. घरखर्चाच्या बहुतेक तक्त्यांत तो नसतो. प्रत्येक महिना कोऱ्या पाटीने सुरू होतो आणि मागच्या महिन्याची तूट पुढच्या महिन्याला कळतच नाही.

| महिना | B | C | D | E | F |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल | ७,५०० | −४,००० | १५,९०० | −१२,४०० | −१२,४०० |
| मे | ७,५०० | −८,००० | ९,७०० | −१०,२०० | −२२,६०० |
| जून | ७,५०० | −८,००० | २८,२०० | −२८,७०० | −५१,३०० |
| जुलै | ७,५०० | ० | ० | ७,५०० | −४३,८०० |
| ऑगस्ट | ७,५०० | ० | ३,५०० | ४,००० | −३९,८०० |
| सप्टेंबर | ७,५०० | ० | ० | ७,५०० | −३२,३०० |
| ऑक्टोबर | ७,५०० | ० | ० | ७,५०० | −२४,८०० |
| नोव्हेंबर | ७,५०० | १२,००० | ३३,००० | −१३,५०० | −३८,३०० |
| डिसेंबर | ७,५०० | ० | ० | ७,५०० | −३०,८०० |
| जानेवारी | ७,५०० | ० | ० | ७,५०० | −२३,३०० |
| फेब्रुवारी | ७,५०० | ० | ० | ७,५०० | −१५,८०० |
| मार्च | ७,५०० | ० | १४,००० | −६,५०० | −२२,३०० |

(दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येते. इथे नोव्हेंबर धरला आहे.)

दोन आकडे वाचायचे. शेवटचा −२२,३०० सांगतो की आरडी खर्चात धरली तर वर्षभरात हे घर उत्पन्नापेक्षा तेवढं जास्त खर्च करतं. आरडीत ३६,००० जमले, त्यांतून ही तूट वजा केली की खरी बचत १३,७०० उरते. महिन्याला १,१४२ रुपये. जानेवारीचा तक्ता ७,५०० आणि ३,००० मिळून साडेदहा हजार सांगत होता.

दुसरा आकडा F15 मधला, −५१,३००. हा जास्त कामाचा आहे. १ एप्रिलला हातात निदान एवढी रक्कम नसेल तर जूनची फी उसन्या पैशांतून, क्रेडिट कार्डावरून किंवा दागिन्यावर जाणार, हे त्यातून आधीच कळतं. वर्षाची तूट बावीस हजारांची असली तरी खड्डा एक्कावन्न हजारांचा आहे, कारण मोठ्या खर्चांपैकी ५३,८०० एप्रिल ते जून या तीनच महिन्यांत येतात आणि त्याच तीन महिन्यांत शिकवण्यांचं उत्पन्न आटतं.

ही अडचण घरापुरती नाही. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणालाही ती सोडवावी लागते. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळातल्या सर्वेक्षणात शहरी भारताचा दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. तो काढताना सगळ्या वस्तूंसाठी 'गेल्या महिन्यात किती?' असा प्रश्न विचारला नव्हता. भाजी, फळं, तेल, अंडी यांच्यासाठी गेले सात दिवस विचारले जातात. कपडे, पादत्राणं, शिक्षण, रुग्णालयातला खर्च आणि टिकाऊ वस्तू यांच्यासाठी गेले ३६५ दिवस. बाकीच्यांसाठी तीस दिवस. मग सगळं महिन्याच्या मापावर आणतात. गणवेश महिन्यातून किती घेतला असं विचारलं तर अकरा महिने उत्तर शून्य येईल, हे त्यांना ठाऊक आहे. घरच्या तक्त्यात आपण नेमकं तेच विचारत बसतो.

## तक्ता दुरुस्त करताना

दुरुस्ती तीन ठिकाणी करायची. शिकवण्यांच्या ओळीत ६,३३३ लिहायचे आणि बोनसची १,००० ची नवी ओळ टाकायची. उत्पन्न ४९,८३३ होईल. आरडी खर्चातून काढून शिल्लकेच्या खाली न्यायची. ती खर्च नाही, आपलाच पैसा दुसऱ्या खिशात गेलेला आहे, आणि खर्चात लिहिली की बचत किती हे दोन जागी शोधावं लागतं. तिसरं, ठराविक खर्चात 'वर्षखर्चाचा हप्ता' अशी ओळ टाकायची. रक्कम हाताने लिहायची नाही, दुसऱ्या शीटमधून आणायची :

```
='वर्ष'!D14/12
```

उत्तर येतं ८,६९२. घरभाड्यानंतरचा घरातला सर्वांत मोठा खर्च आतापर्यंत तक्त्यात नव्हताच. आता ४९,८३३ मधून १९,५००, ८,६९२ आणि २०,५०० वजा केले की १,१४१ उरतात. एका रुपयाचा फरक पूर्णांकाचा आहे. ही रक्कम ३,००० पेक्षा कमी आहे, म्हणजे या घराला तीन हजारांची दीर्घ मुदतीची आरडी परवडत नाही.

नवी ओळ घालताना मात्र जपायचं. ती बेरजेच्या अगदी वर घातली, तर शीट SUM ची व्याप्ती कधी वाढवते, कधी नाही. न वाढवल्यास ८,६९२ डोळ्यांसमोर दिसत राहतात आणि बेरजेत नसतात. म्हणून नवी ओळ यादीच्या मध्ये, म्हणजे दुचाकीचा हप्ता आणि मोबाइल यांच्यामध्ये घालायची. तिथे व्याप्ती हमखास ताणली जाते. मग बेरजेच्या घरावर क्लिक करून शेवटची ओळ आत आहे का हे एकदा बघायचं. उत्पन्नाच्या दोनच ओळी आहेत, तिथे बोनसची ओळ दोघींच्या मध्ये टाकली की काम झालं.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. घरात किराण्याची वही लिहिणाऱ्या हाताला 2800/- असं लिहायची सवय असते आणि शीटमध्येही तसंच लिहिलं जातं. ती तिरपी रेघ आणि आडवी रेघ आली की शीट त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि SUM मजकूर निमूटपणे वगळतं. भाजीचे २,८०० असे गळाले की बदलता खर्च १७,७०० दिसतो आणि शिल्लक ७,५०० ऐवजी १०,३००. अधिक चिन्हाने बेरीज केली असती तर #VALUE! दिसून चूक पकडली गेली असती. SUM ओरडत नाही. खर्चाच्या रकान्यातल्या अशा सगळ्या चुका शिल्लक वाढवूनच दाखवतात, म्हणून त्या शोधायची घाई कोणाला नसते. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. लांब यादी असेल तर बेरजेशेजारी, मूळ तक्त्यातल्या ओळींप्रमाणे, हे लिहून ठेवावं :

```
=COUNTA(B15:B22)-COUNT(B15:B22)
```

भरलेल्या घरांतून आकड्यांची घरं वजा होतात. उत्तर शून्य हवं. एक आलं तर एक आकडा मजकूर होऊन बसला आहे. कोणतीही ओळ रिकामी राहिली असेल तर मात्र हे सूत्र ती पकडणार नाही. गॅसचे पैसे लिहायचे राहिले हे शीटला कळत नाही.

## पैसा कुठे ठेवायचा

कागदावर ८,६९२ बाजूला काढले म्हणजे ते जूनमध्ये हाताशी असतील असं नाही. टपाल खात्याची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही. फीसाठी तिचा उपयोग शून्य. बँकांत सहा महिन्यांपासूनची आरडी बहुधा मिळते. जुलैत ३,००० ची नऊ महिन्यांची आरडी सुरू केली तर ती एप्रिलमध्ये २७,००० आणि वर व्याज घेऊन हातात येते. उरलेले ७,५०० दरमहा आणि दिवाळीचा बोनस वेगळ्या बचत खात्यात टाकत गेलं आणि ऑगस्ट, नोव्हेंबर, मार्चचे खर्च त्यातूनच केले, तर ३१ मार्चला तिथे २९,००० असतात. दोन्ही मिळून ५६,०००. खड्डा ५१,३०० चा होता, म्हणजे ४,७०० च्या अंतराने का होईना, फी उसनवारीशिवाय भरली जाते. मधल्या काळात एक दवाखाना निघाला तर हे अंतर पुसलं जाईल, हेही उघड आहे. या घराला आणखी सुटकेसाठी भाडं, फी किंवा दिवाळी यांतलं काहीतरी कमी करावं लागेल. पेट्रोल-भाजीत काटकसर करून महिन्याला तीन-चारशेच्या वर हाती लागत नाही.

हाच हिशेब जानेवारीत सुरू केला तर आरडी धरून मार्चअखेर जेमतेम १७,५०० जमतात आणि जून पुन्हा अंगावर येतो. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून जानेवारीत उघडलेल्या शीटा नागपुरात का टिकत नाहीत, याचं निम्मं कारण एवढंच असावं. तेव्हा शीट जुलैत उघडा, आणि पहिला आकडा पुढच्या जूनच्या फीचा भरा.